तीन महिन्यांनी २ लाख डॉलर द्यायचेत: फॉरवर्ड घ्यावा की ऑप्शन?

स्पिंडल_भोसरी | २८ फेब्रुवारी २०२५

मंडळी, भोसरीत आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे. तैवानहून एक व्हर्टिकल मशीनिंग सेंटर मागवलंय. ॲडव्हान्स गेला, उरलेले २ लाख डॉलर मशीन बोटीवर चढल्यावर कागदपत्रं आली की द्यायचे, म्हणजे साधारण मे अखेर. ऑर्डर दिली तेव्हा डॉलर ८४ च्या आसपास होता, आज ८७.५० आहे. टर्म लोन रुपयांत मंजूर झालंय आणि ते वाढणार नाही. डॉलर वर गेला तर फरक माझ्या खिशातून जाणार.

बँकेत विचारलं. तीन महिन्यांचा फॉरवर्ड, म्हणजे आजच भाव ठरवून डॉलर तेव्हा घ्यायचाच असा सौदा, ८८.०५ सांगितला. त्यांच्या ट्रेझरीच्या मुलाने ऑप्शनही सुचवला: आजच्याच भावाचा, ८७.५० चा कॉल, प्रीमियम डॉलरमागे १ रुपया ३० पैसे. म्हणजे २ लाख ६० हजार आजच भरायचे. डॉलर वर गेला तर मला ८७.५० ला मिळणार, खाली आला तर बाजारातून स्वस्त घ्यायचा.

मी सरळ बेरीज केली: ८७.५० अधिक १.३० म्हणजे ८८.८०. फॉरवर्ड ८८.०५. मग पाऊण रुपया जास्त देऊन ऑप्शन कोण घेतं? काही चुकतंय का माझं?

---

ओपनठेवा | २८ फेब्रुवारी २०२५

दोन्ही नको. २०२३ आणि २०२४ चा बराचसा काळ डॉलर ८३ च्या आसपास बसून होता. ज्यांनी दर तीन महिन्यांना कव्हर घेतलं त्यांनी बँकेला फुकट पैसे दिले. रिझर्व्ह बँक जास्त हलू देत नाही. आता ८७ वर गेलाय म्हणजे उलट खालीच यायची शक्यता जास्त.

---

डीलिंगरूम | २८ फेब्रुवारी २०२५

(बरीच वर्षं एका बँकेच्या ट्रेझरीत होतो, आता निवृत्त.)

ओपनठेवा, तुमचं २०२३ बद्दलचं बरोबर आहे. पण दहा फेब्रुवारीला हाच रुपया ८७.९५ पर्यंत घसरून आला, आणि ऑक्टोबरात तो ८४ ला होता. रिझर्व्ह बँक हेलकावे कमी करते, पातळी धरून ठेवेलच असं नाही. स्पिंडलरावांचं लोन रुपयांत ठरलेलं आहे, त्यांना दोन रुपयांचा फटका म्हणजे ४ लाख. ओपन ठेवणं त्यांच्यासाठी नाही.

स्पिंडलराव, तुमची बेरीज बरोबर आहे. सगळ्यात वाईट भाव काढून तो फॉरवर्डशी ताडून बघायचा, हीच पद्धत. फक्त समोर ठेवलेला ऑप्शन चुकीचा आहे आणि महागही आहे. दोन्ही वेगळं सांगतो.

आधी स्ट्राइक, म्हणजे ज्या भावाला डॉलर घ्यायचा हक्क मिळतो तो भाव. तीन महिन्यांनी मिळणारा डॉलर आज ८७.५० चा नाहीच, तो साधारण ८८ चा आहे. रुपया आणि डॉलर यांच्या व्याजदरात सध्या वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फरक आहे, तीन महिन्यांचे त्याचे पन्नासेक पैसे होतात. तुम्ही ८७.५० चा हक्क मागितलात की ते पन्नास पैसे बँक प्रीमियममध्ये घालते. मग प्रीमियम मोठा दिसतो आणि ऑप्शन महाग वाटतो. तुलना करायची तर स्ट्राइक फॉरवर्डच्या जवळचा मागायचा: ८८.

आता किंमत. फॉरवर्डच्याच भावाला स्ट्राइक असेल तर प्रीमियमचा ढोबळ अंदाज एका ओळीत निघतो. एक्सेलमध्ये टाका:

```
=0.4*88*4%*SQRT(90/365)
```

८८ हा फॉरवर्ड, ९० हे दिवस आणि ४% म्हणजे रुपया वर्षाला किती हलेल याचा बाजाराचा अंदाज, ज्याला डेस्कवर ‘व्हॉल’ म्हणतात. उत्तर ७० पैसे येतं. व्याजाची सूट धरली तर ६९. माझ्या हिशोबाने सध्या ४ च्या आसपासचा व्हॉल रास्त आहे. कुणी साडेचार म्हणेल तर भांडणार नाही.

याच हिशोबात ८७.५० चा कॉल ९६ पैशांना बसतो. तुम्हाला १.३० सांगितलाय. ३४ पैसे बँकेचं मार्जिन, दोन लाख डॉलरवर ६८ हजार रुपये.

आता बघा. ८८ चा कॉल बँकेचं बारा पैसे मार्जिन धरून ८१ पैशांना मिळाला तर सगळ्यात वाईट भाव ८८.८१. तुमच्या ८७.५० वाल्याचाही वाईट भाव ८८.८०. एका पैशाचा फरक, पण प्रीमियम २ लाख ६० हजारांऐवजी १ लाख ६२ हजार. आणि डॉलर पडला तर ८८ वाल्यात तुम्ही ४९ पैसे पुढे.

---

स्पिंडल_भोसरी | २८ फेब्रुवारी २०२५

काका, हे डोळे उघडणारं आहे. पण त्या मुलाला मी ‘तुम्ही ३४ पैसे जास्त लावलेत’ असं कसं म्हणू? तो म्हणणार, मार्केट रेट आहे सर.

---

डीलिंगरूम | २८ फेब्रुवारी २०२५

म्हणायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात तुमच्यासारखा ग्राहक ‘रिटेल’ वर्गात येतो. रिटेल ग्राहकाला सौद्याआधी बँकेने दोन आकडे वेगळे दाखवायचे असतात: मधला भाव, ज्याला मिड-मार्केट मार्क म्हणतात, आणि तुम्हाला लावलेला भाव. दोन्ही सौद्याच्या अटी लिहिलेल्या टर्म शीटवर यायला हवेत. ‘मिड-मार्केट मार्क लिहून ईमेलवर पाठवा’ एवढंच वाक्य बोला. बहुतेक वेळा दुसरा कोट आपोआप सुधारून येतो. फॉरवर्डलाही हेच लागू आहे.

आणि फोनवर भाव घेताना फॉरवर्ड आणि ऑप्शन एकाच मिनिटाला मागा. सकाळचा फॉरवर्ड आणि दुपारचा ऑप्शन यांची तुलना करून काही कळत नाही.

---

कोथरूड_काकू | १ मार्च २०२५

माझा मुलगा अमेरिकेत एमएस करतोय. ऑगस्टमध्ये १८ हजार डॉलर फी भरायची आहे. मलाही हा ८८ वाला कॉल बँकेतून मिळेल का? आमच्या शाखेतल्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या कॉल सेंटरचा नंबर देते.

---

डीलिंगरूम | १ मार्च २०२५

काकू, 😀 मॅडमचा दोष नाही, शाखेत हा शब्द कुणी ऐकलेला नसतो. १८ हजार डॉलरसाठी डेस्क ऑप्शनचा भाव देणार नाही आणि दिला तर मार्जिनच एवढं असेल की उपयोग नाही. तुम्ही आत्तापासून ऑगस्टपर्यंत तीन-चार हप्त्यांत डॉलर पाठवा. आणि बँकेच्या छापील कार्ड रेटवर थांबू नका, भाव मागून घ्या. तुमच्या रकमेला ऑप्शनपेक्षा तिथे जास्त पैसे वाचतील.

---

लॉटवाला | १ मार्च २०२५

स्पिंडल, बँकेच्या मागे कशाला लागताय? एनएसईवर यूएसडीआयएनआरचे ऑप्शन आहेत. १,००० डॉलरचा लॉट, तुम्हाला २०० लॉट. भाव स्क्रीनवर दिसतो, मार्जिन-बिर्जिन काही नाही, ब्रोकरेज किरकोळ. मी स्वतः करायचो.

---

डीलिंगरूम | १ मार्च २०२५

‘करायचो’ हा शब्द महत्त्वाचा आहे, लॉटवाला. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं आणि मे २०२४ पासून लागू केलं की एक्स्चेंजवरही खरी डॉलरची देणी-घेणी असेल तरच सौदा करायचा. त्यानंतर सट्टा करणारे निघून गेले आणि बाजार ओस पडला. स्पिंडलराव खरे आयातदार आहेत, त्यांना बंदी नाही. पण जवळच्या महिन्याचे दोन-चार स्ट्राइक सोडले तर पुढे खरेदी-विक्रीच्या भावात एवढी दरी असते की बँकेचं मार्जिन परवडतं. २०० लॉट मे महिन्याच्या ८८ च्या कॉलमध्ये घ्यायला गेलात तर विकणारा कोण भेटणार?

दुसरं म्हणजे तिथे डॉलर मिळत नाहीत. महिना संपण्याच्या दोन कामाचे दिवस आधी सौदा संपतो आणि रेफरन्स रेटवर फरकाचे रुपये खात्यात येतात. खरे डॉलर पुन्हा बँकेकडूनच घ्यायचे, त्या दिवशीच्या बँकेच्या मार्जिनसकट. बँकेच्या ऑप्शनमध्ये स्ट्राइकच्या भावाला डॉलर थेट सप्लायरला जातात.

---

लॉटवाला | १ मार्च २०२५

लिक्विडिटीचं मान्य. पण ब्रोकरकडे मिड-मार्क मागत बसावं लागत नाही, भाव सगळ्यांना दिसतो. एवढंच म्हणायचं होतं.

---

द्राक्षबाग | १ मार्च २०२५

मी तासगावहून बेदाणा पाठवतो, म्हणजे मी उलट्या बाजूचा. पण ऑप्शन फुकटात पण मिळतो हे कुणी सांगितलं नाही. ८९ चा कॉल घ्यायचा आणि खालचा पुट, म्हणजे त्या भावाला डॉलर आपल्या गळ्यात मारायचा हक्क, बँकेला विकायचा. एकाचा प्रीमियम दुसऱ्यातून फिटतो. खिशातून शून्य. माझ्या एका नातेवाइकाची कंपनी असंच करते.

---

डीलिंगरूम | १ मार्च २०२५

नातेवाइकांची कंपनी मोठी असणार. रिटेल ग्राहकाला बँक फॉरवर्ड, कॉल-पुटची खरेदी, त्यांचे स्प्रेड आणि स्वॅप एवढंच देऊ शकते. नुसता पुट विकून प्रीमियम फेडायची मुभा स्पिंडलरावांना नाही.

नियम बाजूला ठेवून हिशोब बघू. ८९ चा कॉल तीसेक पैशांचा. तेवढेच पैसे मिळवायला ८७ चा पुट विकावा लागतो. मग डॉलर ८७ आणि ८९ च्या मध्ये कुठेही असला तरी ठीक, पण तो ८५ ला आला तर तुम्हाला ८७ नेच घ्यावा लागेल. प्रीमियम दिला नाही म्हणून फुकट वाटतं, किंमत मात्र स्वस्त डॉलरचा फायदा सोडून चुकती केलेली असते. स्पिंडलरावांना ऑप्शन नेमका त्याच फायद्यासाठी हवाय.

‘झिरो कॉस्ट’च्या नावाखाली २००७-०८ मध्ये तिरुपूर, लुधियानाच्या निर्यातदारांच्या गळ्यात येन आणि स्विस फ्रँकच्या विकलेल्या ऑप्शनचं काय लोढणं पडलं, कोर्टकचेऱ्या किती वर्षं चालल्या, ते मी जवळून पाहिलंय. कॉल घेऊन पुट विकायची साधी रेंज आणि ती प्रकरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण माझा हात आखडतो खरा.

---

द्राक्षबाग | २ मार्च २०२५

मग स्प्रेड? तो तर चालतो म्हणता. ८८ चा घ्या, ९० चा विका.

---

डीलिंगरूम | २ मार्च २०२५

चालतो. माझ्या आकड्यांत ९० चा कॉल ११ पैशांचा आहे, प्रत्यक्षात वरच्या स्ट्राइकला थोडे जास्त मिळतात म्हणून १५ धरा. ६९ चे ५४ झाले. पण ९० च्या वर डॉलर गेला की तुमचं संरक्षण दोन रुपयांवरच थांबतं. रुपया सावकाश घसरला तर हे ठीक, एकदम कोसळला तर नेमकं तेव्हाच छत्री मिटते. पंधरा पैशांसाठी मी घेणार नाही. ज्याचं लोन ठरलेलं आहे त्याने तर नाहीच.

---

सीए_मृणाल | २ मार्च २०२५

स्पिंडल, एक विचारते. फॉरवर्डसाठी बँक तुमच्या लिमिटमधून किती अडवते?

---

स्पिंडल_भोसरी | २ मार्च २०२५

मृणालताई, चांगला प्रश्न. फॉरवर्डच्या रकमेच्या ५ टक्के कॅश मार्जिन किंवा तेवढी सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची, लिमिट अडकवणार म्हणाले. म्हणजे जवळपास ८ लाख ८० हजार. मार्चमध्ये माझं लिमिट आधीच गळ्याशी आलेलं असतं.

---

सीए_मृणाल | २ मार्च २०२५

वाटलंच. ऑप्शन विकत घेतला की प्रीमियम भरल्यावर तुमच्याकडून बँकेला काही येणं उरत नाही, म्हणून लिमिट अडकत नाही. प्रीमियमवर सीसीचं व्याज धरा. दीड-पावणेदोन लाखांवर तीन महिन्यांचे चार-साडेचार हजार, म्हणजे डॉलरमागे दोन पैसे. माझ्या क्लायंटपैकी दोघांनी ऑप्शन घेतला तो भावासाठी नाही, लिमिटसाठी.

दुसरा मुद्दा: मशीन नक्की येणार आहे ना? एका क्लायंटची ऑर्डर सप्लायरनेच रद्द केली. फॉरवर्ड घेतलेला होता, तोवर डॉलर साडेतीन रुपये पडला होता. मशीन नाही, आणि वर फॉरवर्ड मोडायचा फरक भरावा लागला. तुमच्या रकमेवर तो ७ लाख होईल. ऑप्शनमध्ये प्रीमियम जातो, त्यापलीकडे काही नाही.

---

स्पिंडल_भोसरी | २ मार्च २०२५

मशीन येणार नक्की. पण कधी, ते तैवानवाल्याच्या हातात. मे अखेर म्हणतोय, आधीही एकदा तीन आठवडे पुढे ढकललंय.

---

डीलिंगरूम | २ मार्च २०२५

मग हे आधी सांगायचं होतंत. बँकेचा ऑप्शन युरोपियन असतो, ठरलेल्या एकाच दिवशी वापरता येतो, आणि तो दिवस डॉलर पोचायच्या दोन कामाचे दिवस आधीचा. पेमेंट ३० मेला धरलंत तर ऑप्शन २८ ला संपणार. बोट जूनमध्ये निघाली तर तुम्ही जूनमध्ये उघडे.

म्हणून तारीख जास्तीची घ्या. प्रीमियम दिवसांच्या वर्गमुळाने वाढतो. ९० चे १२० दिवस केले तर ६९ चे ७९-८० पैसे होतात, एका जादा महिन्याला दहाच पैसे. मशीन वेळेत आलं तर? बाजारातून डॉलर घ्यायचे आणि त्याच दिवशी उरलेला ऑप्शन बँकेला परत विकायचा. डॉलर ८८ च्या वर असेल तर त्यात तो फरक येतोच, शिवाय उरलेल्या दिवसांचेही थोडे पैसे येतात. मात्र परत विकताना बँक पुन्हा मार्जिन काढणार.

फॉरवर्डला हीच सोय महाग पडते असं नाही, तारखेच्या ऐवजी महिन्याभराची मुदत घेता येते. पण मुदतीपलीकडे गेलात की रोलओव्हर, म्हणजे सौदा पुढच्या तारखेला ढकलणं.

---

ओपनठेवा | ३ मार्च २०२५

एवढं सगळं करून ८८.८० पडणार. तोपर्यंत डॉलर ८६ ला असेल आणि तुम्ही प्रीमियम भरून बसाल. लिहून ठेवा.

---

डीलिंगरूम | ३ मार्च २०२५

८६ ला आला तर त्यांना ८६.८० पडेल, फॉरवर्डवाल्याला ८८.०५. तुमचं भाकीत खरं ठरलं तर ते ऑप्शनच्या बाजूने मत आहे. ऑप्शनवाल्याला रडवणारी जागा वेगळी आहे: डॉलर जिथल्या तिथे, ८८ च्या आसपास राहिला तर. तेव्हा फॉरवर्डवाला ८८.०५ देतो आणि ऑप्शनवाला ८८.८०. शेवटी डॉलर ८७.२५ च्या खाली आला तरच ऑप्शन फॉरवर्डपेक्षा सरस ठरतो. ‘रुपया फार हलणार नाही’ असं ज्याचं ठाम मत असेल त्याने फॉरवर्ड घ्यावा.

---

स्पिंडल_भोसरी | ४ मार्च २०२५

काल करून टाकलं. डॉलर थोडा खाली, ८७.३६ ला होता. ८८ चा कॉल, १६ जूनला संपणारा. मिड-मार्क लिहून मागितला. ईमेल यायला दीड तास लागला. त्यात मधला भाव ७० पैसे, मला ९५. मी म्हटलं दुसऱ्या बँकेत पण खातं आहे. (आहे, पण तिथे अशा सौद्यांसाठी लागणारा आयएसडीए करार केलेला नाही, हे मी सांगितलं नाही.) ८२ पैशांवर आला. १ लाख ६४ हजार. त्याच वेळी १०५ दिवसांचा फॉरवर्ड मधल्या भावाने ८७.९३ होता.

आयएसडीएवर सह्या आणि बोर्ड रिझोल्यूशन जानेवारीतच करून ठेवलं होतं म्हणून एका दिवसात झालं. ज्यांना हे करायचंय त्यांनी कागदपत्रं आधी उरका. त्यातच दोन-तीन आठवडे जातात.

बायकोला प्रीमियम सांगितला तर म्हणाली, परत मिळणार नाही का हे?

---

सीए_मृणाल | ४ मार्च २०२५

टर्म शीटवर एक बघा: शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवायचं ते. काही बँका ऑप्शन फायद्यात असेल तर आपोआप वापरला असं धरतात, काही तुमच्या ईमेलची वाट बघतात. दोन लाख डॉलरचा हक्क दुपारच्या जेवणात बुडायला नको.

---

स्पिंडल_भोसरी | ४ मार्च २०२५

बघितलं. कळवावं लागणार आहे. कॅलेंडरला दोन अलार्म लावले.

---

स्पिंडल_भोसरी | ५ मे २०२५

धागा वर काढतोय. ओपनठेवा, तुमच्या तोंडात साखर! शुक्रवारी डॉलर ८३.७६ पर्यंत जाऊन आला, आज ८४.२५ च्या आसपास आहे. आता माझा ८८ चा कॉल पडून आहे आणि डॉलर स्वस्त. मशीनची बोट अजून मे अखेरच सांगतायत.

प्रश्न असा: आजच मे अखेरचा फॉरवर्ड घेऊन टाकू का? ८४.५० सांगितलाय. ऑप्शन आहेच, तो राहू दे, असं मनात होतं. पण बँक म्हणते एकाच इनव्हॉइसवर दोन कव्हर नाही.

---

डीलिंगरूम | ५ मे २०२५

बँक बरोबर आहे. एका देण्यावर एकच हेज. फॉरवर्ड हवा असेल तर आधी ऑप्शन बंद करा. त्याचे आता काही मिळणार नाही, स्ट्राइक साडेतीन रुपये लांब आहे. एक-दोन पैसे दिले तर घ्या.

ऑप्शन घेतल्याचा खरा फायदा हा. फॉरवर्डवाला मार्चमध्येच अडकला, तुम्हाला दुसरी संधी मिळाली. ८४.५० अधिक ८२ पैसे म्हणजे ८५.३२. मार्चच्या ८७.९३ पेक्षा २.६१ कमी, दोन लाख डॉलरवर ५ लाख २२ हजार.

एक मात्र लक्षात घ्या. आता तुम्ही हक्क सोडून बंधन घेताय, आणि तैवानवाला उशीर करणारा आहे. लिमिटही पुन्हा अडकेल.

---

ओपनठेवा | ५ मे २०२५

म्हटलं होतं ना! आता फॉरवर्ड कशाला, ८३ येईल.

---

द्राक्षबाग | ५ मे २०२५

आणि आम्ही निर्यातदार कुठे जायचं? माझा कंटेनर ८७ धरून विकलाय.

---

स्पिंडल_भोसरी | ९ मे २०२५

सोमवारीच ऑप्शन बंद केला. एक पैसा मिळाला, २ हजार रुपये, बायकोला दिले. फॉरवर्ड ८४.५०, ३० मेचा. सीमेवरच्या बातम्यांनी काल डॉलर एका दिवसात ८५.७० च्या पुढे गेला. हातपाय गार पडले असते ओपन असतो तर.

---

ओपनठेवा | ९ मे २०२५

हे नशीब आहे, हेजिंग नाही. मार्चमध्ये संरक्षण म्हणून घेतलं आणि मेमध्ये भाव बघून विकलं. याला आम्ही ट्रेडिंग म्हणतो.

---

डीलिंगरूम | ९ मे २०२५

अर्धं पटतं. ५ तारखेला ८४.२५ वरून डॉलर वर जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. पण त्यांनी एकही क्षण उघडं न राहता छत ८८ वरून ८४.५० वर आणलं. ‘आता ८३ येईल’ म्हणून थांबणं ट्रेडिंगच्या जास्त जवळ जातं, नाही का?

---

स्पिंडल_भोसरी | २३ मे २०२५

काका, व्हायचं तेच झालं. बोट १२ जूनला. फॉरवर्ड ३० मेचा. आता?

---

डीलिंगरूम | २३ मे २०२५

रोलओव्हर. ३० मेच्या डिलिव्हरीचा सौदा त्या वेळच्या भावाने बंद करतील आणि जूनच्या तारखेचा नवा करतील. डॉलर तेव्हा ८४.५० च्या वर असला तर बंद करताना फरक तुम्हाला मिळेल आणि नवा फॉरवर्ड तेवढाच महाग होईल. दोन्ही एकमेकांना खातात. निव्वळ खर्च व्याजाच्या फरकाचा, तीन आठवड्यांना दहा-बारा पैसे, अधिक बँकेचं मार्जिन. इथेही मिड-मार्क मागा, रोलओव्हरला बँका दोन्ही पायांवर मार्जिन लावतात आणि कुणी विचारत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, आणि या वेळी तारीख जून अखेरची घ्या.

---

स्पिंडल_भोसरी | २३ मे २०२५

ठीक. मृणालताई, एक राहिलं. ते १ लाख ६४ हजार आणि आता हा रोलओव्हरचा खर्च मशीनच्या किमतीत धरायचे की यंदाच्या खर्चात टाकायचे? माझा अकाउंटंट म्हणतो मशीनमध्ये, ऑडिटर मान डोलावत नाहीये.

---

सीए_मृणाल | २४ मे २०२५

फॉरवर्डच्या फरकाचं एक आणि ऑप्शनच्या प्रीमियमचं वेगळं असं होऊ शकतं, आणि कंपनीच्या हिशोबात एक, आयकरात दुसरं. टर्म शीट, दोन्ही डील कन्फर्मेशन आणि इनव्हॉइस व्यनि करा. बघते आणि ऑडिटरांशी बोलून इथेच लिहिते.

---

लॉटवाला | २४ मे २०२५

वाट बघतोय. माझ्याकडेही असाच एक प्रीमियम गेल्या वर्षीच्या खर्चात पडलाय.